बुरशीचे शेंगदाणे आणि भाजणी

दमट कोठीत पडून राहिलेल्या शेंगदाण्यांवर जी हिरवट-पिवळी बुरशी चढते, ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस जातीची असल्यास दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण करू शकते. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, ते अशाच भुईमुगाच्या पेंडीने. भाजल्याने बुरशी मरते खरी, परंतु तिने मागे ठेवलेले विष सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, आणि तेथवर तापण्यापूर्वीच दाणा करपतो. सबब नेहमीच्या भाजणीत विषाचा काही अंश घटला, तरी बाकीचा कायम राहतो. शिवाय खमंगपणाखाली कुबट वास दडतो, हे अधिकच वाईट. असे दाणे टाकून द्यावेत. गुरांनाही घालू नयेत, कारण त्या विषाचा अंश दुधात उतरतो.