चौकटीत मावणारा पत्ता

सोसायटीच्या सभासद अर्जाची पीडीएफ भरताना पत्त्याच्या रकान्यात हमखास घोळ होतो. फ्लॅट, विंग, इमारत, रस्ता, खूण, पिनकोड असं सगळं इंग्रजीत लिहिलं की ९० अक्षरं सहज होतात आणि चौकट मात्र नावाच्या रकान्याएवढीच. स्क्रीनवर मजकूर डावीकडे सरकत राहतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला शंका येत नाही; प्रिंट काढली की पत्ता अर्ध्यावर तुटलेला दिसतो.

दोष भरणाऱ्याचा नाही, अर्ज बनवणाऱ्याचा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये Prepare Form उघडून त्या चौकटीच्या Properties मध्ये गेलं की Appearance या टॅबवर Font Size असतो. तिथे आकड्याऐवजी Auto निवडलं की मजकूर वाढेल तसा अक्षरांचा आकार कमी होतो. बरेच जण इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात.

हिशेब करून पाहा. चौकट २०० पॉइंट रुंद आणि १८ पॉइंट उंच आहे असं धरू; ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. हेल्व्हेटिकाचं १० पॉइंटचं अक्षर सरासरी ५ पॉइंट जागा घेतं, म्हणजे एका ओळीत साधारण ४० अक्षरं. ९० अक्षरं एकाच ओळीत कोंबायची तर आकार साडेचार पॉइंटच्याही खाली जातो. औषधाच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावरची अक्षरं याहून मोठी असतात!

म्हणून Options टॅबवरचं Multi-line हवं. त्याने ओळी आपोआप मोडतात आणि मजकूर चौकटीच्या मध्याऐवजी वरून सुरू होतो. पण १८ पॉइंटच्या उंचीत दोनच ओळी बसतात, त्याही जेमतेम ६ पॉइंटच्या. चौकट ४२ पॉइंट उंच केली, की तीन ओळी १० पॉइंटमध्ये सुखाने मावतात. खरा उपाय उंची वाढवणं हाच. Auto हे एखाद्याचा पत्ता फारच लांबला तर सांभाळून घेण्यापुरतं.

त्यालाही मर्यादा आहे. अक्षरं एका ठरावीक आकाराखाली जात नाहीत. मग उरलेला मजकूर लपतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात बारीकसं अधिकचिन्ह दिसतं. ते दिसलं की प्रिंटमध्ये काहीतरी गाळलं जाणार हे नक्की. Scroll long text वरची खूण काढली, तर चौकट भरल्यावर टायपिंगच थांबतं. माझ्या मते छापायच्या अर्जात ती काढलेलीच बरी: लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं आणि तो पत्ता आटोपशीर करतो.

नाव, तारीख, फोन यांना मात्र Auto नको. एका रकान्यात मोठी आणि शेजारच्यात बारीक अक्षरं आली की अर्ज गबाळा दिसतो. तिथे १० पॉइंट कायम ठेवावेत. पिनकोडसाठी प्रत्येक आकड्याला वेगळं घर देणारा Comb हा पर्याय आहे, पण तो Multi-line बरोबर चालत नाही.

अर्ज वाटण्याआधी सोसायटीतला सर्वांत लांब पत्ता त्यात भरून एक प्रत कागदावर काढावी, आणि तोच अर्ज ब्राउझरमध्येही उघडून पाहावा. Auto म्हणजे नेमका किती आकार, हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या पद्धतीने ठरवतो.