घराचं कर्ज मुदतीआधी फेडताना

कन्हेरीतल्या माझ्या मामूंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, घरावरचा सूद लवकर संपवायचा. शेताचे पैसे हाती आले आणि ते बँकेत गेले. तिथे तोंडी सांगण्यात आलं, "मुदतीआधी बंद करायचं तर दोन टक्के दंड भरावा लागेल."

मी त्यांचं मंजुरीपत्र काढून वाचलं. कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर, घर बांधण्यासाठी आणि व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता. अशा कर्जावर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा आकार घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 5 जून 2012 रोजीच तसा आदेश काढला आहे. दर पूर्ण मुदतीसाठी स्थिर असेल, तर मात्र करारातली अट पाहावी लागते. म्हणून आधी मंजुरीपत्र वाचावं.

मग शाखाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला: "माझे गृहकर्ज खाते क्रमांक अमुक मी 20 तारखेला पूर्ण फेडू इच्छितो. त्या तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट लेखी द्यावे. कर्ज वैयक्तिक व फ्लोटिंग दराचे असल्याने मुदतपूर्व परतफेड आकार लावू नये." दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

स्टेटमेंट आलं. मुद्दल 4,00,000 रुपये, दर 9 टक्के. म्हणजे रोजचं व्याज सुमारे 98 रुपये 63 पैसे. शेवटचा हप्ता 5 तारखेचा, म्हणून 15 दिवसांचे 1,479 रुपये. इथवर हिशेब बरोबर होता. पण खाली 8,000 रुपये आकार आणि त्यावर 1,440 रुपये जीएसटी असे 9,440 रुपये जास्तीचे लावले होते.

त्याच ओळीवर बोट ठेवून, मंजुरीपत्राची प्रत जोडून दुसरा अर्ज दिला. सुधारित स्टेटमेंट आलं 4,01,479 रुपयांचं. मामूंनी तेवढेच भरले. बँकेने दाद दिली नसती, तर तक्रारीला 30 दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क जाता आलं असतं.

स्टेटमेंटवरची तारीख उलटली, की रोजचं व्याज वाढतं आणि नवा आकडा मागावा लागतो. पैसे भरल्यावर खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ताही लेखी बंद करून घ्यावा.

शेवटचं काम कागदांचं. कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ दस्तऐवज परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. सोबत नो ड्यूज दाखला घ्यावा. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल, तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा उतरवून घ्यावा. मामूंच्या उताऱ्यावरून नोंद गेली, तेव्हा मामी म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, आता घर आपलं."