मध्येच थांबणारे मूल : संगीतशिक्षणाची वेळ कशी ओळखावी

जून महिन्यात शाळा उघडते, वसतिगृहात ट्रंका आणि अंथरुणे पोहोचवून झाली की काही पालक संगीताच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहतात. पूर्वी ते विचारीत, "हिचा गळा कसा आहे?" अलीकडे प्रश्न बदलला आहे. "सातवीत क्लासला घातले तर दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?" अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा परीक्षा क्रमाने उत्तीर्ण होत गेल्यास दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात, हे आता देवळ्याच्या बाजारपेठेतही सर्वांना ठाऊक झाले आहे. गुणांचा हा विचार आम्ही वाईट मानत नाही. परंतु दहावीपासून मागे मोजत येऊन जी तारीख ठरते, ती परीक्षेची सोय असते. ते मूल शिकण्यास सिद्ध झाले आहे की नाही, याचा तिच्याशी काही संबंध नसतो.

ती सिद्धता कशावरून ओळखावी हे आम्ही ज्या एका विद्यार्थिनीमुळे नीट शिकलो, तिचीच हकीकत येथे सांगतो. नाव देण्याची आवश्यकता नाही.

ती पाचवीत आमच्याकडे आली. वडील कांद्याची शेती करणारे आणि गावातील भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवणारे. त्यांनी मुलीबद्दल दोन तक्रारी सांगितल्या. पहिली, खालच्या सुरात बरी गाते, पण अंतऱ्यात वर गेली की बेसूर होते. दुसरी, गाताना मध्येच अडते, दोन शब्द मागे जाते आणि पुन्हा सुरू करते. "सर, लवकर शिकवणी सुरू करा, म्हणजे हे अडखळणे जाईल," असे त्यांचे म्हणणे होते.

पहिल्या तक्रारीचे मूळ मुलीच्या गळ्यात नव्हते, ते पेटीच्या पट्टीत होते. वडील काळी एकमध्ये गात. पुरुषाच्या आवाजाला ही पट्टी सोयीची असते. मुलगी त्यांच्यामागून गाताना तोच षड्ज एक सप्तक वर धरी. तेथून अंतरा तार षड्जाच्या पलीकडे गंधारापर्यंत गेला की अकरा वर्षांच्या, न कमावलेल्या गळ्याला तो सूर ताणूनही गाठता येत नसे. आम्ही पेटी बंद ठेवली आणि तिला तिच्या आवडीचे एखादे गाणे सहज गुणगुणायला सांगितले. ती जेथे आपोआप स्थिरावली तो सूर पेटीवर शोधला तर काळी चार निघाली. त्या पट्टीत तोच अंतरा तिने विनासायास म्हटला. मुलांना आणि मुलींना बहुधा काळी चार किंवा काळी पाच या पट्ट्या मानवतात. तेव्हा मूल बेसूर आहे असे ठरवण्यापूर्वी घरी एवढे एकच करून पाहावे. मुलाला आधी गुणगुणू द्यावे आणि पेटीने मुलाच्या मागे जावे. वडिलांच्या पट्टीत गायल्यामुळे किती मुलांवर बेसूरपणाचा शिक्का बसला असेल, याचा विचार मनात आला की आजही वाईट वाटते.

दुसरी तक्रार आम्ही अधिक लक्षपूर्वक ऐकली. मुलगी अडते कोठे, हे पाहण्यासाठी तिला तेच गाणे तीनदा म्हणायला लावले. तीनही वेळा ती एकाच ठिकाणी थांबली. तेथे चालीतील एक लहानसा कोमल सूर तिच्याकडून शुद्ध लागत होता. काहीतरी चुकले एवढे तिला कळत होते, काय चुकले ते सांगता येत नव्हते, आणि म्हणून ती मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करीत होती. वडिलांना जो दोष वाटत होता, तीच आमच्या मते शिकवणी सुरू करण्याची सर्वांत खात्रीची खूण होती. आपले चुकलेले ज्या मुलाला स्वतःच्या कानाने ऐकू येते आणि ते सुधारण्यासाठी जे आपण होऊन मागे वळते, त्यालाच गुरूने सांगितलेली दुरुस्ती उपयोगी पडते. ज्याला ते अद्याप ऐकू येत नाही, त्याला दुरुस्ती म्हणजे केवळ बोलणी वाटते.

हुबेहूब नक्कल करता येणे ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि पालकांची फसगत बहुधा येथेच होते. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व अगदी लहान वयात नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गात आणि सभा जिंकीत. एवढे असूनही त्यांना मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकण्यास ठेवण्यात आले, आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे रीतसर शिक्षण घेतले. असामान्य नकलेनंतरही शिकणे उरलेच होते. आपल्या घरातील मूल मोबाईलवरील गाणे हुबेहूब म्हणते याचा आनंद जरूर मानावा, पण त्यावरून शिकवणीची वेळ ठरवू नये.

खूण दिसली तरी आम्ही त्या मुलीला लगेच वर्गात घेतले नाही. तीन आठवडे सायंकाळच्या खेळाच्या वेळी पंधरा मिनिटे संगीताची खोली उघडी ठेवली, पेटी मांडून ठेवली आणि कोणालाही बोलावले नाही. तिच्याबरोबर तिच्या वर्गातील एक मुलगा उत्साहाने येऊ लागला. चार दिवसांनी तो खो-खोच्या मैदानावर दिसला, आणि त्यात गैर काहीच नव्हते. तो दोन वर्षांनी परत आला, तेव्हा तबल्यासाठी आला. मुलगी मात्र येत राहिली. तिसऱ्या आठवड्यात ती एका बोटाने त्याच ओळीतील तो अडलेला सूर शोधत बसलेली आढळली. दुसऱ्या दिवसापासून तिचा पाठ सुरू झाला.

तबल्याचे ओघाने निघाले म्हणून एवढेच सांगतो, की तेथे कानाबरोबर हाताचीही तयारी पाहावी लागते. अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकवून तर्जनीने चाटेवर 'ना' वाजवताना लहान मुलाचा सगळा पंजाच ताठ होत असेल, तर काही महिने केहरव्याच्या आठ मात्रा टाळ्यांनी मोजणे अधिक हिताचे. मोजता मोजता लय वाढत जाणे हे या वयात स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून मुलाला लयीचे अंग नाही असे समजू नये.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या त्या विद्यार्थिनीच्या शिक्षणाला पहिला धक्का बसला, आणि त्यात आमचाही दोष होता. घरी काय करावे हे आम्ही मुलीला सांगितले होते, वडिलांना सांगितले नव्हते. वडिलांनी प्रेमापोटी रोज सकाळी तासभर तिला समोर बसवले. पाहुणे आले की गाणे म्हणायला लावले. ती अडली की ते म्हणत, "थांबू नकोस, पुढे म्हण." सुट्टी संपल्यावर त्यांनी समाधानाने आम्हाला सांगितले, की आता पोरगी अजिबात अडखळत नाही. ते खरेच होते. चुकलेल्या सुरावरून ती आता वेगाने पुढे सरकत होती. लय वाढली होती, वरच्या सुरांना खांदे उचलले जात होते, मानेच्या शिरा ताठ होत होत्या आणि आवाज घोगरा झाला होता. पाहुण्यांसमोर चूक लपवावी लागते. रियाजात ती उघडी करून पाहावी लागते. वीस दिवसांत ती लपवायला शिकली होती.

आठवडाभर गाणे पूर्ण बंद ठेवले, तेव्हा आवाज मोकळा झाला. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर घरगुती काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, हे येथे सांगून ठेवतो. नंतर वडिलांना बोलावून आम्ही शांतपणे बसलो. त्यांच्याकडे पेटी होती, ती काढून घ्यावी असे आम्हाला मुळीच वाटत नव्हते. आम्ही त्यांना फक्त काम बदलून दिले. त्यांनी काळी चारचा षड्ज धरून ठेवावा, चाल वाजवू नये. चाल वाजली की मूल पेटीला टेकून गाते आणि स्वतःचा सूर ऐकत नाही. वेळ पंधरा मिनिटे, सायंकाळी, जेवणाआधी. पूर्ण गाणे नको, अवघड असलेली एकच ओळ संथ लयीत म्हणावी. ती थांबली तर काही बोलू नये, खाकरूसुद्धा नये. शेवटी हवे तर एवढेच विचारावे, की आज कोणती जागा अवघड गेली? पाहुण्यांसमोर गाणे तिने स्वतः होऊन म्हटले तरच. आणि पंधरा मिनिटांनंतर तिला आणखी गावेसे वाटत असेल तेव्हाच पेटी झाकावी, म्हणजे उद्या बसताना बोलावणे धाडावे लागत नाही.

त्यांनी एक रास्त शंका विचारली. एखाद्या दिवशी ती बसायला कंटाळली तर? आमच्या अनुभवात कंटाळा आणि नावड यांत फरक करता येतो. कंटाळलेले मूल कुरकुरत बसते, पण पाच-सात मिनिटांत रमते. अशा वेळी हळुवार आग्रह करण्यास हरकत नाही. नावड निराळी असते. त्यात पाठाच्या दिवशी पोट दुखते, जुने पाठ झालेलेच पुन्हा पुन्हा म्हटले जाते, आणि मुख्य म्हणजे भांडी घासताना, अंघोळीला जाताना, गुरांना पाणी दाखवताना चालणारे मुलाचे गुणगुणणे बंद पडते. हे गुणगुणणे दोन-तीन आठवडे ऐकू आले नाही तर पाठ थांबवावा आणि शिक्षकाशी बोलावे. थांबलेला पाठ पुन्हा सुरू करता येतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रसंग येतो. सुमारे बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान आवाज फुटतो. काल सहज लागणारा तार षड्ज आज चिरकतो आणि घरचे म्हणतात, गळा गेला. गळा गेलेला नसतो, स्वरयंत्र वाढत असते. त्या काळात पट्टी खाली आणावी, मध्य सप्तकात थोडेच गावे, वरच्या सुरांचा हट्ट धरू नये आणि परीक्षा एक वर्ष पुढे ढकलावी. नेमकी आठवी-नववीची वर्षे ही असल्याने गुणांच्या हिशेबात बसवलेल्या मुलांचे येथे सर्वाधिक हाल होतात.

ती मुलगी प्रारंभिक परीक्षेला पुढच्या वर्षी बसली. त्याआधीच्या मे महिन्यात तिच्या वडिलांचा फोन आला होता. उन्हाळ कांदा चाळीत भरणे चालू होते, पेटी धरायला त्यांना सवड नव्हती आणि त्याबद्दल ते काहीसे संकोचाने बोलत होते. कांदे निवडता निवडता पोरगी गात असते, असे त्यांनी सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, "काल एकाच ओळीवर चार वेळा अडली, सर. मी मान वर केली नाही. पाचव्यांदा तिची तिलाच सापडली."