हप्ता पाचशेचा, दंड तीनशेचा

म्युच्युअल फंडाची एसआयपी चुकली तर काय होतं, असं विचारलं की एजंट हसून सांगतो, “काही नाही हो, त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत, एवढंच.” त्याच्या बाजूने हे अगदी खरं आहे. हप्ता आला नाही म्हणून फंड कंपनी दंड लावत नाही. एसआयपी हे कर्ज नव्हे, त्यामुळे सिबिलच्या नोंदीतही ते चढत नाही. पण त्याच दिवशी तुमच्या बचत खात्यातून 295 रुपये गेलेले दिसतात. हे पैसे बँकेने कापलेले असतात, आणि त्याबद्दल एजंट सहसा काही बोललेला नसतो.

एसआयपी सुरू करताना आपण मँडेट देतो, म्हणजे ‘माझ्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत पैसे वळते करा’ अशी बँकेला कायमची परवानगी. ठरल्या तारखेला फंडाकडून मागणी निघते, ती नॅचच्या, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवत असलेल्या यंत्रणेतून आपल्या बँकेत पोचते. खात्यात पुरेसे पैसे नसले तर बँक ती मागणी परत पाठवते आणि परत पाठवल्याचं शुल्क खातेदाराकडून घेते. अनेक बँकांत ते 250 ते 500 रुपयांच्या दरम्यान असतं, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे अडीचशेचे 295 होतात आणि पाचशेचे 590. हप्ता पाचशेचा असो की पन्नास हजारांचा, शुल्क तेवढंच. त्यामुळे सगळ्यात जास्त फटका बसतो तो सगळ्यात छोट्या गुंतवणूकदाराला. वर्षाला 12 टक्के परतावा धरला तर पाचशे रुपयांवर महिन्याला पाच रुपये सुटतात. एका दंडात त्या हप्त्याची जवळजवळ पाच वर्षांची कमाई जाते.

एक उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेच्या तीन एसआयपी आहेत, एक 2,000 रुपयांची आणि दोन हजार-हजाराच्या. तिन्हींची तारीख 5. पगार एरवी एक-दोन तारखेला होतो, पण या महिन्यात बिलं अडकली आणि तो 12 तारखेवर गेला. पाच तारखेला सकाळी खात्यात 1,600 रुपये आहेत. कोणती मागणी आधी लागेल हे आपल्या हातात नसतं. समजा दोन हजारांची आधी आली, ती परत गेली. मग हजाराची एक वटली, उरले 600. दुसरी हजाराची आली, तीही परत. दोन परतींचे मिळून 590 रुपये कापले गेले आणि खात्यात राहिले दहा रुपये. सात तारखेला विम्याचा 850 रुपयांचा हप्ता आला, अर्थातच तोही परत गेला. त्याचे 295 कापायला खात्यात पैसेच नव्हते, म्हणून ती वसुली बाकी राहिली आणि 12 तारखेला पगार जमा होताच झाली. एका उशिरा आलेल्या पगाराचा खर्च 885 रुपये.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. तिन्ही एसआयपींना मँडेट एकच असलं तरी मागण्या तीन वेगवेगळ्या येतात आणि प्रत्येक परतीचं शुल्क वेगळं लागतं. दुसरं म्हणजे, एसआयपीच्या तारखा 5, 6 आणि 7 अशा पसरून ठेवल्या तरी मध्ये सुट्ट्या आल्या की फंडाचे व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी ढकलले जातात आणि सगळ्या मागण्या एकाच दिवशी येऊन आदळतात. दिवाळीच्या आसपास हे हमखास होतं.

पैसे दिसत असूनही हप्ता परत जाणं हा आणखी एक प्रकार. शेअर बाजारातल्या आयपीओसाठी अर्ज केला असेल तर तेवढी रक्कम खात्यात दिसते, पण ती अडकवून ठेवलेली असते. मोबाइलच्या अॅपमध्ये एकूण शिल्लक न पाहता वापरता येणारी शिल्लक पाहावी. पैसेही त्या दिवशी दुपारी भरून उपयोग नाही, मागणी सकाळीच लागू शकते. आदल्या दिवशीच ते खात्यात असावेत.

मात्र सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एका सवयीमुळे: एसआयपी बंद करायची असेल तर खातं रिकामं ठेवायचं. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते परत गेले की फंड ती आपोआप बंद करतो, हे खरं आहे. पण तोवर तीन परती, म्हणजे 885 रुपये लागलेले असतात. तेच काम अॅपवरून फुकट होतं. सेबीच्या नियमानुसार डिसेंबर 2024 पासून फंडाला एसआयपी रद्द करण्याची विनंती दोन कामकाजाच्या दिवसांत अमलात आणावी लागते. आधी फंडाकडे एसआयपी रद्द करावी, तसा निरोप आला की मगच बँकेतलं मँडेट काढावं. उलट क्रमाने केलं तर फंड मागणी पाठवतच राहतो. नुसती चणचण असेल तर बऱ्याच फंडांत एक ते तीन महिने एसआयपी थांबवण्याची सोय असते. अर्ज मात्र काही दिवस आधी द्यावा लागतो, त्यामुळे अचानक लांबलेल्या पगारावर तो उपाय नाही.

त्यासाठी तारीखच बदललेली बरी. पगार एक तारखेचा असेल तर एसआयपी 10 किंवा 15 ला ठेवावी, घराच्या कर्जाच्या हप्त्यानंतर. तारीख बदलल्याने दीर्घ मुदतीच्या परताव्यात म्हणावा असा फरक पडत नाही. उलट एसआयपी आधी वटली आणि त्यामुळे कर्जाचा हप्ता बाउन्स झाला, तर बँकेच्या शुल्कावर कर्ज देणाऱ्याचा दंड चढतो आणि सिबिलवरही डाग पडतो. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक आहे. देणं फेडण्यासाठीचा हप्ता पैशांअभावी परत गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली तक्रार होऊ शकते. एसआयपी ही कुणाच्या देण्याची फेड नसते, त्यामुळे ती भीती नको. मात्र गृहकर्ज मागायला गेलात की बँक सहा महिन्यांचं स्टेटमेंट पाहते, आणि त्यातल्या परतीच्या नोंदी चांगल्या दिसत नाहीत.

चुकलेला हप्ता भरून काढायचा असेल तर त्याच फोलिओत तेवढी रक्कम स्वतंत्रपणे भरता येते, त्याला दंड नाही.

शुल्क कापलं गेलंच, तर आधी परतीचं कारण बँकेला विचारा. पुरेशी रक्कम असताना बँकेच्या तांत्रिक अडचणीमुळे मागणी परत गेली असेल तर शुल्क परत मागा, तेही लेखी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते.

सेवाशुल्क किती असावं हे बँकांची संचालक मंडळं ठरवतात. पाचशेच्या हप्त्यावर तीनशेचं शुल्क अवाजवी आहे, असं माझं मत आहे, पण आज ते लागतं. तेव्हा पाचशे-पाचशेच्या चार एसआयपी असतील तर त्या एक-दोन योजनांत आणा, आणि बँकेच्या शुल्कपत्रकातला नॅच परतीचा दर या आठवड्यात एकदा वाचून घ्या.