आरशातलं बाळ कोण?

"नाक कुठंय?" म्हटलं की मूल नाकावर बोट ठेवतं आणि घरभर कौतुक होतं. पण "नाक, कान, डोळे" असं रोज त्याच क्रमानं विचारलं, तर मूल शब्दाकडे लक्ष न देता नुसता क्रम पाठ करतं. एकदा कान आधी विचारून पाहा. बोट तरी नाकावरच गेलं, तर 'कान' हा शब्द अजून त्याचा झालेला नाही.

सुरुवात आरशापासून करू नये, कारण वर्षभराच्या मुलाला आरशात दुसरंच बाळ दिसतं. ते त्याला हसतं, काचेवर थापट्या मारतं, कधी आरशामागे डोकावतं. 1972 साली ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या नाकावर नकळत लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर आणलं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात मुलांचा हात काचेकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जाऊ लागतो, असं त्यांना आढळलं. तोंड पुसताना गुपचूप कणकेचा ठिपका लावून हे घरीही पाहता येतं. टिकली मात्र नको, ती तोंडात जाऊ शकते.

म्हणून आधी स्पर्श. तोंड धुताना गालावरून हात फिरवत "हा गाल" म्हणा. मग आईचा गाल, बाबांचा, बाहुलीचा. या सगळ्यांवर मूल बरोबर बोट ठेवू लागलं, की गाल म्हणजे काय ते त्याला कळलं. त्यानंतर आरसा घ्या. हनुवटी, कपाळ, भुवया हे स्वतःला न दिसणारे भाग दाखवायला त्याचा खरा उपयोग होतो.

भावनांचं गणित वेगळं आहे. आरशासमोर "रागावून दाखव" म्हटलं की मूल भुवया आक्रसतं. ती झाली नक्कल. राग हा शब्द कळतो तो राग आलेला असताना. ठोकळ्यांचा मनोरा पडला, मूल किंचाळलं, तर जवळ बसून "पडला ना? राग आला तुला" एवढंच म्हणावं. शांत झाल्यावर, वाटल्यास संध्याकाळी, आरशासमोर दोघांनी तोच चेहरा करावा, "मनोरा पडला तेव्हा असा राग आला होता" म्हणत. रडणाऱ्या मुलाला उचलून "बघ कसा दिसतोस" म्हणत आरसा दाखवणं म्हणजे चिडवणं, त्यातून शब्द शिकला जात नाही.

घाईही नको. बहुतेक मुलांना आनंदाचा चेहरा सर्वांत आधी ओळखता येतो. राग आणि दुःख यांत बराच काळ गल्लत होते. भीती आणि आश्चर्य यांची नावं त्याहून उशिरा येतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी घाबरलेल्या चेहऱ्याला मूल "रडतोय" म्हणालं तर ते चुकत नाहीये, शिकतंय.

मात्र दोन वर्षांचं मूल विचारल्यावर शरीराचे दोन भागही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, तर "बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी आधी करून घ्या.