जाहिरातीचा एक रुपया गल्ल्यात किती आणतो? दहा आठवड्यांची वही आणि एक रेषा

"सर, इन्स्टाग्रामवर बूस्ट मारला की विक्री वाढते का?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. माझं उत्तर ठरलेलं: वही दाखवा. आठवड्याला जाहिरातीवर किती गेले आणि आठवड्याची विक्री किती झाली, हे दोन कॉलम तुमच्याकडे असतील तर उत्तर काढता येतं. नुसतं "वाढते" एवढंच नाही, तर किती वाढते आणि त्या "किती"वर कितपत भरवसा ठेवायचा, हेसुद्धा. व्हिडिओत शीटवर पटापट बोटं फिरवली होती, इथे तेच सावकाश बघू.

उदाहरण माझ्याच दुकानाचं घेतो. मुर्ध्यात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. जाहिरात म्हणजे रील बूस्ट करणं आणि अधूनमधून पेपरात टाकायची पत्रकं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे दहा आठवडे आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

| आठवडा | जाहिरात (₹) | विक्री (₹) |
|---|---|---|
| १ | ५०० | ३७,००० |
| २ | १,००० | ४१,००० |
| ३ | ८०० | ३६,००० |
| ४ | १,५०० | ४४,००० |
| ५ | १,२०० | ३८,००० |
| ६ | ७०० | ३९,००० |
| ७ | २,००० | ४५,००० |
| ८ | १,००० | ३८,००० |
| ९ | १,५०० | ४०,००० |
| १० | १,८०० | ४२,००० |

आता चौथा आणि नववा आठवडा बघा. दोन्ही वेळा जाहिरात ₹१,५००ची, पण विक्रीत चार हजारांचा फरक. म्हणजे जाहिरात सोडून बाकीही बऱ्याच गोष्टी गल्ला हलवतात. त्या गोंधळातून जाहिरातीचा वाटा वेगळा काढायचा म्हणून रेषा बसवायची. दहा ठिपके कागदावर मांडा. त्यांच्यामधून जाणाऱ्या रेषा हजार काढता येतील. आपण अशी निवडतो की प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं वरखाली अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि सगळ्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी यायला हवी. हीच रिग्रेशन लाइन. हाताने करायची गरज नाही. A कॉलममध्ये जाहिरात, B कॉलममध्ये विक्री भरा आणि हे लिहा:

```
=SLOPE(B2:B11,A2:A11)
=INTERCEPT(B2:B11,A2:A11)
=STEYX(B2:B11,A2:A11)
```

एक सांभाळा: विक्री आधी, जाहिरात नंतर. उलटं लिहिलंत तरी शीट ओरडत नाही, निमूट चुकीचा आकडा देते.

उत्तरं येतात ५, ३४,००० आणि साधारण १,८०३. पहिल्याचा अर्थ, जाहिरातीचा एक रुपया वाढला की विक्री सरासरी ₹५ने वाढते. दुसऱ्याचा अर्थ, जाहिरात शून्य असती तर रेषेप्रमाणे ₹३४,००० विक्री. हा आकडा फार मनावर घेऊ नका, कारण ₹५००च्या खालचा एकही आठवडा आपल्या वहीत नाही. तिसरा आकडा म्हणजे प्रत्यक्ष विक्री रेषेपासून साधारण किती इकडेतिकडे पडते. लोक हा तिसरा आकडा काढतच नाहीत, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आधी अंदाज काढू. पुढच्या आठवड्यात ₹१,६०० लावायचे आहेत. ३४,००० अधिक १,६०० गुणिले ५, म्हणजे ₹४२,०००. बहुतेक जण इथे थांबतात आणि ४२ हजारांच्या हिशोबाने माल भरतात. पण ठिपके रेषेच्या वरखाली पडतात हे आपण आत्ताच पाहिलं, म्हणजे पुढचा आठवडाही पडणारच. शिवाय रेषाच फक्त दहा आठवड्यांवरून काढली आहे, ती थोडी तिरकी बसलेली असू शकते. दोन्ही गोष्टी धरून पट्टा काढायचा. D2 मध्ये 1600 लिहा आणि:

```
=T.INV.2T(0.05,8)*STEYX(B2:B11,A2:A11)*SQRT(1+1/10+(D2-AVERAGE(A2:A11))^2/DEVSQ(A2:A11))
```

दिसायला भीतीदायक आहे, पण एकदा चिकटवलं की झालं. 8 म्हणजे दहा आठवड्यांतून दोन वजा, कारण रेषेचे दोन आकडे आपण त्याच वहीतून काढले. तुमचे आठवडे वेगळे असतील तर 8 आणि 10 दोन्ही बदला, आणि A2:A11, B2:B11 या रेंजही. उत्तर साधारण ४,५०० येतं. म्हणजे अंदाज ₹४२,००० नाही, तर ₹३७,५०० ते ₹४६,५००. परिस्थिती तीच राहिली तर असे पट्टे शंभरातल्या ९५ वेळा बरोबर ठरावेत, पाच वेळा चुकावेत.

याचा दुकानात उपयोग काय? माझं मार्जिन २५ टक्के धरा. ₹३७,५०० विक्रीला खरेदी-भावाने २८ हजारांचा माल लागतो, ₹४६,५०० विक्रीला जवळपास ३५ हजारांचा. तर २८ हजारांचा माल रोखीने घ्यायचा आणि वरचा सात हजारांचा परत घेण्याच्या बोलीवर मागायचा. होलसेलवाल्याशी बोलताना हातात एकच आकडा असेल तर ही बोली करता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, जाहिरात परवडते का? एक रुपयाला पाच रुपये ऐकून लोक खूश होतात. थांबा. ते पाच रुपये विक्रीचे आहेत. २५ टक्के मार्जिनने हातात येतात सव्वा रुपया, आणि त्यातला रुपया जाहिरातीतच गेलाय. माझ्या मार्जिनला रुपयामागे ₹४ विक्री ही बरोबरीची रेघ, त्याच्या खाली घाटा. तुमचं मार्जिन २० टक्के असेल तर हीच रेघ ₹५वर जाते, म्हणजे याच वहीत तुम्हाला एक पैसाही सुटत नाही.

आणि तो "५"सुद्धा अंदाजच आहे ना! त्याचाही पट्टा काढावा लागतो:

```
=T.INV.2T(0.05,8)*STEYX(B2:B11,A2:A11)/SQRT(DEVSQ(A2:A11))
```

उत्तर २.८३. म्हणजे एक रुपयाची जाहिरात खरं तर ₹२.१७ आणत असेल किंवा ₹७.८३, किंवा मधलं काहीही. आपली ₹४ची रेघ या पट्ट्याच्या पोटात आहे. समजा मी आठवड्याची जाहिरात १,२०० वरून १,६०० केली. रेषेच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या ₹४००मधून ₹१०० सुटतात. पट्ट्याच्या म्हणण्याप्रमाणे ₹१८३ तोट्यापासून ₹३८३ फायद्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आणि आठवड्याची विक्री एरवीच साडेचार हजार वरखाली होते, त्यामुळे हे नुसता गल्ला बघून कुणालाही कळणार नाही. "जाहिरात केली आणि तो आठवडा मस्त गेला" या अनुभवाला मी म्हणूनच फार किंमत देत नाही.

जाहिरात जास्त त्या आठवड्यात विक्रीही जास्त, एवढं ही वही बऱ्यापैकी खात्रीने सांगते, कारण पट्टा शून्याच्या बराच वर आहे. ती परवडते का, हे मात्र अजून सांगत नाही.

आता रेषा फसवते कुठे ते बघू. सगळ्यात मोठा फसवा आठवडा दिवाळीचा. समजा वहीत अकरावी ओळ वाढवली, दिवाळीच्या आठवड्यात जाहिरात ₹४,००० आणि विक्री ₹९०,०००. पुन्हा SLOPE काढा. ५चे जवळपास १५ होतात! जाहिरात तीच, दुकान तेच. दिवाळीला लोक कपडे घेणारच होते आणि आपणही नेमके तेव्हाच जास्त पैसे लावतो, म्हणून सणाचं सगळं श्रेय रेषा जाहिरातीला देऊन टाकते. वर RSQ नावाचा आकडा, जो बघून बरेच जण "मॉडेल चांगलंय" म्हणतात, तो 0.675 वरून 0.87 वर जातो. रेषा जास्त चुकीची आणि गुण जास्त. म्हणून गणपती-दिवाळीचे आठवडे या वहीतून बाहेर ठेवा, त्यांची वेगळी वही करा. शाळेची एखादी घाऊक ऑर्डर आली असेल तर तीही बाहेर.

लहान सणही डोकावतात. प्रत्येक आठवड्याच्या विक्रीतून रेषेचा अंदाज वजा करून तिसरा कॉलम बनवा. दुसरा आठवडा दोन हजारांनी वर आहे. तो संक्रांतीचा, बोरन्हाणाचे काळे कपडे गेले. शेवटचे तिन्ही आठवडे रेषेच्या खाली आहेत, हजार ते दीड हजाराने. तीन ओळींवरून काही सिद्ध होत नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरांत परीक्षा असतात. आणखी दोन-तीन आठवडे असेच गेले तर ही रेषा जुनी झाली असं समजायचं. बाकी प्रत्येक ठिपक्यामागे कारण शोधत बसू नका, काही नुसतेच वरखाली पडतात.

दुसरी फसगत, वहीच्या बाहेर उडी मारणं. D2 मध्ये 5000 लिहिलं तर शीट शांतपणे ₹५९,००० सांगते, पट्टा वरखाली ₹११,६००चा. पण तो रुंद पट्टासुद्धा रेषा सरळच जाईल असं गृहीत धरतो. मुर्ध्यातून नकाशावर पाच-सात किलोमीटरचं गोल काढून बघा. भाईंदर पश्चिम, राई, मोर्वा येतं ते ठीक, पण त्यात मिठागरं आणि खाडीही येते, आणि खाडीपलीकडची माणसं, जी बाळाच्या झबल्यासाठी इकडे येणार नाहीत. त्याच माणसांना तीच रील सहाव्यांदा दाखवून विक्री त्याच दराने वाढत नाही, रेषा कुठेतरी वाकते. आपल्याकडे ₹५०० ते ₹२,०००चा अनुभव आहे, त्याच हद्दीत अंदाज करा.

मग पट्टा अरुंद कसा करायचा? नुसते आठवडे वाढवून हळूहळू होतो. असेच मनाला येईल तसे खर्च करून वीस आठवडे नोंदले तर २.८३चा साधारण १.८ होईल. पण पुढच्या दहा आठवड्यांत पाच वेळा ठरवून ₹५०० आणि पाच वेळा ₹२,००० लावलेत, तर त्या दहाच आठवड्यांतून तेवढाच अरुंद पट्टा मिळतो. दोन टोकं जितकी लांब, तितकी रेषा कमी डुगडुगते. कुठल्या आठवड्यात किती लावायचे हे मात्र मनाने ठरवू नका, नाहीतर "या आठवड्यात गर्दी दिसतेय" म्हणून २,००० लावाल आणि दिवाळीचाच घोळ छोट्या रूपात परत येईल. दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर ५००, पाचांवर २,०००. डब्यात टाका आणि दर रविवारी रात्री घरातल्या लहानग्याला एक काढायला सांगा. जी चिठ्ठी निघाली ती परत डब्यात टाकायची नाही, आणि रविवारी लावलेल्या जाहिरातीची विक्री सोमवार ते रविवार अशीच मोजायची.