पन्नास पानांची फोडणी

घरात चार माणसांच्या आमटीला एक मोठा चमचा तेल लागतं. मग वास्तुशांतीला पन्नास पानं बसणार असतील तर साडेबारा चमचे तेल घ्यायचं, असं त्रैराशिक मांडून अनेकजण मोकळे होतात. मीठ त्या हिशेबात बसतं, डाळही बसते. फोडणी मात्र बसत नाही. आमटीवर बोटभर तवंग येतो, मोहरी अर्धी कच्ची राहते, जिरं करपतं आणि वाढणारा पळी बुडवताना वरचं तेल बाजूला सारत बसतो.

आधी घरचं माप नक्की करू. १२५ ग्रॅम तूरडाळ, म्हणजे एक मध्यम वाटी, शिजवून घोटून पाणी घातल्यावर तिची साधारण एक लिटर आमटी होते आणि ती चार जणांना पुरते. तिला १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, तेवढंच जिरं आणि कढीपत्त्याची आठ पानं. छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरला आहे. मोजायची ती तयार आमटी. पातेल्यावर छापलेले लिटर विचारात घ्यायचे नाहीत, कारण दहा लिटरचं पातेलं कुणी काठोकाठ भरत नाही. शिवाय मी हे पातळसर आमटीचं माप सांगते आहे. घट्ट वरण तेल पोटात धरून ठेवतं, पातळ आमटी ते वर सोडते. त्यामुळे तेवढंच तेल पातळ आमटीत जास्त दिसतं. तूप घालून खायच्या साध्या वरणाला तर या हिशेबाची गरजच नाही.

आता हे एक चमचा तेल आलं कुठून? चार माणसांना स्वाद पुरावा म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कढल्यात आहे. फोडणीच्या लहान कढल्याचा तळ साधारण सात सेंटिमीटर रुंद असतो. त्यात १५ मिलिलिटर तेल ओतलं तर त्याची खोली जवळपास चार मिलिमीटर होते. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दाणा तेलात पूर्ण बुडतो, चहूबाजूंनी सारखा तापतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल फुटतं. तोच एक चमचा वीस सेंटिमीटरच्या कढईत ओतून पाहा, तेलाची खोली अर्धा मिलिमीटरही भरत नाही. दाणे पोहण्याऐवजी उघड्या धातूवर भाजले जातात, काही ओट्यावर उडतात, काही न तडतडताच काळे होतात. ‘आज मोहरी कडू निघाली’ म्हणून मोहरीला दोष दिला जातो, तेव्हा बऱ्याचदा चूक भांड्याची असते.

म्हणूनच माप खाली आणताना तेल एका मर्यादेखाली जात नाही. एकट्या माणसाची पाव लिटर आमटी असेल तर त्रैराशिकाने पाऊण छोटा चमचा तेल येतं. त्याच कढल्यात ते एक मिलिमीटर खोलीचं होईल आणि मोहरी त्यात अर्धी कोरडीच राहील. एकट्यासाठीही दोन छोटे चमचे तेल घ्यावं लागतं, किंवा कढलं तिरकं धरून तेल एका कडेला गोळा करून तिथे मोहरी टाकायची. सवयीचा हात असलेल्या बायका हे न सांगता करतात. तरीही एकट्याच्या आमटीत माणशी तेल घरच्या चौघांपेक्षा जास्तच जातं.

वर जाताना उलटं होतं. चौघांच्या मापात जे तेल केवळ मोहरी बुडावी म्हणून घातलं होतं, ते माणसांच्या संख्येने वाढवायची गरज नसते. शिवाय ढवळल्यावरही बरंचसं तेल पुन्हा वर येऊन पसरतं. पातेलं मोठं झालं की त्याचं पोट जितकं वाढतं तितकं तोंड वाढत नाही, त्यामुळे प्रमाणात घातलेल्या तेलाचा थर जाड होत जातो. माझा ठोकताळा असा: आमटी दुप्पट झाली की तेल पावणेदोनपट करायचं. चौघांना १५ मिलिलिटर, आठांना २६, सोळांना ४६, बत्तिसांना ८०, चौसष्टांना १४०. पन्नास पानं या शेवटच्या दोहोंच्या मध्ये येतात, तेव्हा ११५ मिलिलिटर, म्हणजे साडेसात-आठ मोठे चमचे पुरतात. त्रैराशिकाने हेच १८७ झाले असते. हा काही निसर्गाचा नियम नाही. तिखट, तेलकट आमटीची सवय असलेल्या घरात दुपटीला दुप्पट तेल घातलं तरी कुणी तक्रार करणार नाही. पण कमी करायचं तर कुठवर, हे या आकड्यांवरून कळतं.

मोहरीचं माप तेलाच्या मागोमाग चालतं, आमटीच्या नाही. ती तेलाच्या तळाशी एका थरात पसरली पाहिजे. दाण्यांवर दाणे चढले की खालचे फुटून करपायला लागतात तरी वरचे थंडच असतात. पन्नास जणांना चार छोटे चमचे पुष्कळ झाले. त्रैराशिकाचे सहा घातले तर आमटी चवदार होत नाही, नुसती ठिपकेदार होते. जिऱ्याचं तसं नाही. जिऱ्याचा वास तेलात उतरतो आणि आमटीत पसरतो, त्यामुळे आमटी वाढली की जिरंही जवळजवळ त्याच मानाने वाढावं लागतं. पाच छोटे चमचे घ्यावे. चौघांच्या आमटीत मोहरी आणि जिरं समसमान होती, इथे जिरं किंचित पुढे गेलं.

कढीपत्ता मात्र थेट माणसांच्या हिशेबाने. वाटीत दोन पानं आली तर खाणाऱ्याला ती दिसतात आणि त्यांचा वास येतो. पन्नास जणांना शंभर पानं, म्हणजे सहा-सात काड्या. अडचण संख्येची नाही, पाण्याची आहे. धुऊन ओली राहिलेली शंभर पानं कडक तेलात एकदम पडली तर तेल फसफसून कढईबाहेर येऊ शकतं आणि हात भाजतो. दुसरीकडे तेलाचं तापमान इतकं उतरतं की पानं तळली न जाता वाफवली जातात. ती मऊ, हिरवी, लोंबती दिसली तर फोडणी कमी पडली समजावं. नीट तळलेलं पान चिमटीत धरलं की कुरकुरतं. पानं सकाळीच धुऊन फडक्यावर कोरडी पसरावी आणि तेलात दोन-तीन वेळा थोडी थोडी टाकावी.

हिंगाबद्दल एवढंच. चौघांना पाव छोटा चमचा लागत असेल तर पन्नासांना दीड पुरे. बाजारातल्या बांधानी हिंगात पीठ असतं, ते जास्त झालं की तेलाच्या तळाशी बसून आधी तेच करपतं.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. दीड किलोपेक्षा थोडी जास्त डाळ, साडेबारा लिटर आमटी, अठरा-वीस लिटरचं पातेलं. पहिला प्रश्न: फोडणी त्याच पातेल्यात करून वर डाळ ओतायची की वेगळी? अशा पातेल्याचा तळ तीस सेंटिमीटर रुंद धरला तर ११५ मिलिलिटर तेल त्यात दीड मिलिमीटर खोल पसरेल. मोहरी पुन्हा उघडी! त्यात मोहरी बुडवायची तर तेल दुप्पट घालावं लागेल. पंगतीच्या आमटीवर आचाऱ्याच्या हातून तेल सैल सुटतं त्यामागे हेही एक कारण असावं. म्हणून फोडणी वीस सेंटिमीटर तळाच्या जाड कढईत वेगळी करावी. तिथे तेवढंच तेल साडेतीन-पावणेचार मिलिमीटर खोल होतं, घरच्या कढल्याइतकंच.

तेल मध्यम आचेवर तापू द्यावं, घाई करू नये. चार दाणे टाकून पाहावे. ते लगेच तडतडले तर बाकीची मोहरी टाकावी आणि झाकण हाताशी ठेवावं. आवाज भरात येऊन विरळ होऊ लागला की गॅस बंद करायचा. हीच जागा घरच्या सवयीने चुकते. कढल्यातलं एक चमचा तेल गॅस बंद होताच थंडावतं, म्हणून तिथे आपण जिरं चालू आचेवर टाकतो. जाड कढईतलं ११५ मिलिलिटर तेल मात्र बराच वेळ तापलेलंच राहतं, आणि गॅस चालू ठेवून टाकलेलं जिरं हिंग उचलेपर्यंत काळं होतं. तेव्हा जिरं गॅस बंद केल्यावर घालावं. ते फुलून तांबूस झालं की पानांचा पहिला भाग, मग उरलेली पानं, त्यांनी तेल थोडं थंडावलं की हिंग. हळद डाळ शिजतानाच घातलेली बरी, एवढ्या तेलात ती चटकन जळते.

पानांचं फसफसणं थांबलं की आमटीखालची आचही बंद करून फोडणी पातेल्यात ओतायची. ओतणाऱ्याने तोंड बाजूला ठेवावं आणि कढई मधोमध एकदम न उलटता काठालगत धार धरावी, कारण तेल अजूनही उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं आणि त्याचा आमटीला स्पर्श होताच वाफ उसळते. पातेल्याचा वरचा तिसरा भाग रिकामा ठेवायचा तो यासाठीच. लगेच झाकण, पाच मिनिटं तसंच.

करपलंच तर? काळं जिरं, घशाला लागणारा धूर, तेलाला कडवट वास: यांपैकी काहीही जाणवलं तर फोडणी टाकून द्यावी, आमटीत ओतू नये. गूळ-चिंच वाढवून तो कडवटपणा झाकत नाही. शंभर-सव्वाशे मिलिलिटर तेल आणि चिमूटभर मसाला गेला, तर दीड किलो डाळ वाचली.

एक गोष्ट घरच्या आमटीत येतच नाही. पंगतीची आमटी अकराला तयार होते आणि शेवटचं पान अडीचला वाढलं जातं. तोवर फोडणीचा वास उडून गेलेला असतो, कारण जिऱ्याचे आणि कढीपत्त्याचे सुवासिक अंश गरम भांड्यातून वाफेबरोबर निघून जातात. म्हणून मी ११५ पैकी ७५ मिलिलिटरची फोडणी सुरुवातीला देते आणि ४० मिलिलिटर दुसऱ्या पंगतीआधी, तिसरा हिस्सा मोहरी-जिरं आणि तीस-पस्तीस पानं घेऊन. ही दुसरी फोडणी घरच्या लहान कढल्यात करावी, पण पानं जपून, दोन-तीन वेळा टाकावी. आमटी घट्ट झाली म्हणून मधे पाणी वाढवलं असेल तर ती याच वेळी एकदा उकळून घ्यावी आणि मीठ पाहावं. मग फोडणी.